नंबर लावणारा तंबोरा

टेंभुर्णीहून पंढरपूरचा रस्ता धरला, की आपण भीमाकाठच्या मुलखात शिरतो. याच पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात पिकणारे मोठे कडू भोपळे मिरजेला जातात आणि तेथे त्यांचे तंबोरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, की मागणी वाढणारच. कारागिराचे हात मात्र तेवढेच राहतात.

दांडी तासणे, रंग चढवणे ही कामे वाटून देता येतात, जवारी नाही. घोडीचा माथा किंचित किंचित घासून असा उतरवायचा, की तार त्यावर अलगद टेकावी आणि चारही तारांची गुंज सारखी यावी. हे जाणत्या कानाचे काम.

समजा, महिन्यात चार जवाऱ्या नीट होतात आणि गिऱ्हाइके आठ आली. मग चौघांचे नंबर वहीत लावून त्यांना पुढच्या महिन्याची तारीख द्यावी, हेच शहाणपण. आठही पत्करले, तर भोपळा पुरता वाळण्याआधीच जोडला जातो आणि पुढे सांधा उकलतो. जवारी अर्धवट राहिली, तर एक तार मुकी लागते, दुसरी नुसती झणझणते.

गायक महिनाभर थांबू शकतो. असा तंबोरा घेऊन बैठकीला बसू शकत नाही. 'आत्ता जमणार नाही' हे उत्तर त्याच्याच सुरासाठी असते.