नंबर कंपनीचा, निष्काळजीपणा मात्र आपला?

माझा चुलतभाऊ नऊ वर्षांपासून कतारमध्ये नोकरी करतो. आम्ही त्याला भाईजान म्हणतो. कोकणातल्या आमच्या गावातून जाताना त्याने जो भारतीय नंबर नेला, त्याच नंबरावर त्याचे चॅट ॲप चालत होते. बोलण्यासाठी तिथले सिम आणि घरच्यांसाठी जुन्या नंबरावरचे चॅट, अशी व्यवस्था आखातात गेलेल्या आपल्याकडच्या असंख्य घरांत आहे. ॲप वायफायवर चालते, त्याला सिम लागत नाही. त्यामुळे भारतीय सिमचा रिचार्ज संपला, आधी जाणारे आणि मग येणारे कॉल बंद झाले, तरी भाईजानला त्याचा पत्ता लागला नाही. त्याचे चॅट रोजच्यासारखे सुरूच होते.

सातेक महिन्यांनी एका संध्याकाळी त्याच्या फोनवर सूचना आली, की तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेला आहे. त्याने पुन्हा आत शिरण्याचा प्रयत्न केला. ओटीपी मागितला, तो गेला विदर्भातल्या एका तरुणाच्या फोनवर. कंपनीने तो नंबर त्याला रीतसर विकला होता. त्याने नवे सिम घातले, ॲप उतरवून घेतले, आलेला ओटीपी टाकला, आणि तो आमच्या तेवीस जणांच्या कौटुंबिक ग्रुपमध्ये सदस्य म्हणून हजर झाला.

हे आम्हाला कळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत चाचीने भाईजानच्या बहिणीच्या पोटगीच्या खटल्याची कागदपत्रे ग्रुपवर टाकली. त्यात नवऱ्याचा पगार होता, मुलांच्या शाळेचे नाव होते, राहता पत्ता होता. शेवटी त्या तरुणानेच लिहिले, "मी हा नंबर नवीन घेतला आहे. तुम्ही कोण, मला माहीत नाही. मी ग्रुप सोडतो." तो सज्जन होता म्हणून आमची सुटका झाली. एका कुटुंबाची अब्रू आणि एका बाईची सुरक्षितता अनोळखी माणसाच्या सज्जनपणावर सोडून देणाऱ्या व्यवस्थेला व्यवस्था म्हणायचे का, हा माझा प्रश्न आहे.

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. घरात सगळ्यांनी मलाच विचारले, "अरे, पण हे चॅट तर लॉक असते ना? मधला कोणी वाचू शकत नाही म्हणतात!" म्हणतात ते खरे आहे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमुळे संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही. पण दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे ते ठरवत नाही. ते ठरते नंबरावरून. ज्याच्या फोनवर सहा अंकी ओटीपी येतो, तो खातेदार. त्याचा फोन नव्या किल्ल्या तयार करतो आणि बाकी सगळ्यांचे फोन त्या मुकाट्याने स्वीकारून पुढचे संदेश त्याच किल्ल्यांनी बंद करू लागतात. कुलूप मजबूतच राहते, फक्त त्याची किल्ली आता वेगळ्या माणसाच्या खिशात असते. "सुरक्षा कोड बदलला" अशी ओळ चॅटमध्ये येऊ शकते, पण कोणी नवा फोन घेतला तरी तीच ओळ येते. त्यामुळे ती पाहून कोणी दचकत नाही.

जुने संदेश त्या तरुणाला दिसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ते भाईजानच्या फोनमध्ये होते. पण भाईजानलाही ते परत मिळाले नाहीत, कारण ॲप उघडायला आणि बॅकअप उतरवायला तोच जुना नंबर लागतो. मोठे अब्बा वारले त्याआधीच्या दोन वर्षांतले त्यांचे आवाजी निरोप त्या चॅटमध्ये होते. फोनच्या फोल्डरमधून मी ध्वनिफायली काढून दिल्या. फाइलच्या नावात तारीख असते, पण आवाज कोणाचा ते नसते. भाईजान आजही रात्री एकेक फाइल लावून आपल्या बापाचा आवाज शोधतो.

आता कोणी म्हणेल, नंबर पुन्हा वापरणेच बंद करा. मी तसे म्हणत नाही. दहा अंकी नंबरांचा साठा मर्यादित आहे आणि देशात शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत. बंद पडलेले नंबर पुन्हा वापरावेच लागणार. माझी तक्रार आहे ती हे काम आंधळेपणाने करण्याबद्दल.

नियम काय आहेत ते पाहू. ट्रायच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही आणि खात्यात वीस रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर आणखी किमान ९० दिवस कोणालाही दिला जात नाही, असे ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. दुसरीकडे व्हॉट्सॲपचा जाहीर नियम असा, की खाते ४५ दिवस वापरात नसेल आणि मग तोच नंबर नव्या फोनवर सुरू झाला, तर जुन्या खात्याची माहिती काढून टाकली जाते. वरवर पाहता बंदोबस्त चोख वाटतो. नंबर नव्या माणसाकडे जायला १८० दिवस आणि खाते पुसले जायला ४५ दिवस पुरेसे!

पण ही दोन वेगळी घड्याळे आहेत. कंपनीचे घड्याळ सिमचा वापर मोजते, ॲपचे घड्याळ ॲपचा वापर मोजते. ज्याने चॅट सोडून दिले, त्याच्यापुरता हा नियम उपयोगाचा आहे. मात्र जो वायफायवर रोज बोलतो, त्याचे ४५ दिवस कधी सुरूच होत नाहीत. कंपनीच्या लेखी भाईजान सहा महिने गायब होता आणि ॲपच्या लेखी तो रोज हजर होता. म्हणजे ज्याच्या खात्यात लपवण्यासारखे काहीच उरलेले नाही त्याला संरक्षण, आणि ज्याचे सगळे घर त्या खात्यात नांदते आहे तो उघड्यावर.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला. गोपनीयता जपण्याची पुरेशी काळजी ग्राहकाने घ्यावी, जुन्या नंबराचे व्हॉट्सॲप खाते आणि साठवलेली माहिती पुसून टाकता येते, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून मला वाटते, की हा युक्तिवाद नंबर आपणहून सोडणाऱ्या सुजाण ग्राहकालाच लागू पडतो. ज्याला नंबर गेल्याचेच कळले नाही, त्याने काळजी केव्हा घ्यायची? कंपनीने इशारा दिला असेलही, पण तो दिला त्याच सिमवर, जे दोहातल्या खोलीत ट्रंकेत पडून होते. आणि ज्या बाईच्या फोनचा रिचार्ज नवरा किंवा भाऊ करतो, तिचा नंबर कधी बंद पडणार हे तिच्या हाती असते का? २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हक्क सगळ्यांचा आणि तो सांभाळायचे ज्ञान मात्र अभियंत्यांचे, असे चालणार नाही.

मग उपाय काय? तो नव्याने शोधायचीही गरज नाही. कायमचे बंद झालेले मोबाइल नंबर ट्राय एका यादीत प्रसिद्ध करते. तिला एमएनआरएल म्हणतात. मोठ्या प्रमाणावर संदेश पाठवणाऱ्या संस्थांनी आपल्याकडचे बाद नंबर काढून टाकावेत, हा तिचा हेतू. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ही यादी वापरायला सांगितले, म्हणजे आपल्या खात्याशी जोडलेला नंबर परक्याच्या हाती जाण्याचा धोका टळेल. पैशांसाठी जी दक्षता, ती माणसांच्या बोलण्यासाठी का नाही?

माझी मागणी साधी आहे. नंबर या यादीत आला, की चॅट कंपनीने तो आपल्या खात्यांशी ताडून पाहावा. खाते चालू असेल तर त्या फोनवर ठळक सूचना द्यावी: तुमचा नंबर बंद झाला आहे, अमुक तारखेच्या आत नवा नंबर जोडा. त्या माणसाशी बोलण्याचा एकमेव जिवंत मार्ग कंपनीच्या हाती आहे, कारण तो ॲप रोज उघडतो. मुदतीत नंबर बदलला नाही, तर पुढचे वाटप होण्याआधी तो नंबर सगळ्या ग्रुपमधून काढावा आणि खाते त्यापासून सोडवावे. नव्वद दिवस याला पुरेसे आहेत. यादीत केवळ बंद नंबर असतात, कोणाचे नाव नसते. त्यामुळे गोपनीयतेची सबबही इथे चालत नाही.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने, खाते ज्या सिमवर उघडले ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय चॅट ॲप चालू नये, असा आदेश दिला. हेतू ऑनलाइन फसवणूक रोखण्याचा आहे. त्याने दोन घड्याळे जुळतीलही. पण परदेशात राबणाऱ्याने घरी बोलता यावे म्हणून कायम दोन सिम सांभाळायची आणि दोन्ही रिचार्ज भरायचे, हा त्याचा अर्थ होतो. इथेही ओझे ग्राहकाच्याच डोक्यावर ठेवले आहे.

तोवर एक गोष्ट जरूर करा. घरातले कोणी परदेशी असेल तर आजच विचारा, "तुझे भारतातले सिम चालू आहे का?" बंद असेल तर ॲप चालू असतानाच सेटिंग्जमधील खाते विभागात जाऊन नंबर बदलायला सांगा. ओटीपी नव्या नंबरावर येतो, बंद सिमची गरज पडत नाही, आणि ग्रुप व जुने संवाद सोबत येतात. सहा अंकी पिन लावला असेल तर परक्या माणसाला सात दिवसांपर्यंत थोपवता येते, पण तेवढेच. सात दिवसांनी तो पिन नव्याने ठरवू शकतो.

भाईजानने आता कतारच्या नंबरावर खाते उघडले आहे. नोकरी सुटली की तोही नंबर जाईल, आणि पुढे कोणाकडे जाईल हे त्याला कोणी कळवणार नाही.