गुन्हा मोठा, म्हणून मुलगा मोठा?

‘चाकू धरायची अक्कल आहे, मग तुरुंगात जायची का नको?’ हा प्रश्न घाटकोपरच्या रेल्वेपुलावर ऐकू येतो, तसाच मुलुंडच्या सोसायटीच्या सभेतही. विचारणाऱ्यांना खुशाल निर्दय म्हणावे, असे नाही. त्यांच्या शेजारच्या कुणाचा तरी मोबाइल हिसकावला गेलेला असतो, कुणाच्या तरी हाताला टाके पडलेले असतात. पण त्या रागात दोन वेगळे प्रश्न एक होतात. त्या रात्री या मुलाची समज किती होती, हा एक. हा मुलगा इथवर कसा आला आणि येथून कसा बाहेर पडेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात शोधले की दोन्ही चुकतात.

२०१५च्या बाल न्याय कायद्याने हे दोन प्रश्न वेगळेच ठेवले आहेत. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी कलम १५ खाली बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. त्यात मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती पाहायची असते. सामाजिक तपास अहवाल हा वेगळा दस्तऐवज आहे. तो परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचा असतो.

एक प्रकरण कल्पून पाहू. असल्फ्याचा सोळा वर्षे आठ महिन्यांचा मुलगा. रात्री साकीनाक्याजवळ दुचाकीवर तिघे, चालवणारा बावीस वर्षांचा. एका बाईचा मोबाइल ओढताना झटापट झाली, चाकू निघाला, तिचा तळहात कापला. जबरी चोरीत प्राणघातक शस्त्र वापरल्याचे कलम लागले. तिथे किमान शिक्षा सात वर्षे, म्हणून प्रकरण निर्घृण ठरले आणि मुलगा डोंगरीच्या निरीक्षणगृहात पोचला.

आता मूल्यांकन. ‘बुद्ध्यांक सरासरी. चोरी चूक आहे हे मुलाला कळते. सबब क्षमता आहे.’ एवढ्या तीन वाक्यांवर मुलाला प्रौढ ठरवा, असे म्हणणारे आहेत. पण चोरी चूक आहे हे दहा वर्षांच्या पोरालाही कळते. नियम माहीत असणे वेगळे आणि मित्र आरडाओरडा करत असताना, पुढच्या दहा सेकंदांत काय होईल हे ताडून थांबता येणे वेगळे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या खेळावर केलेल्या प्रयोगात, सोबतीला समवयस्क असले की किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करत होती. प्रौढांत हा फरक दिसला नाही. शांत खोलीत टेबलापलीकडे बसवून काढलेला बुद्ध्यांक त्या रात्रीबद्दल फार थोडे सांगतो.

इथे आणखी एक खड्डा आहे. ‘चाकू कुणाकडे होता?’ हे मुलाच्या तोंडून काढायचा मोह होतो. पण प्राथमिक मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, हे कायद्यातच लिहिले आहे. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी मूल्यांकनाच्या नावाने कबुली घेणे हा मुलावर अन्याय आहे. जाणकार माणूस इतर प्रसंगांवरून विचारतो: मालकाने पगार कापला तेव्हा काय केलेस, भांडणातून कधी निघून आलास का, कुणी बोलावले तर नाही म्हणता येते का. हे काम कुणालाही जमत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की, मंडळावर बालमानसशास्त्र वा मानसोपचाराची पदवी असलेले कुणी नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे.

आता सामाजिक तपास. ‘वडील व्यसनी, परिस्थिती हलाखीची, वाईट संगत, अभ्यासात रस नाही.’ ही ओळ कुठल्याही मुलाच्या अहवालात चिकटवता येते, आणि दोन्ही पक्षांना ती आवडते. एकाला तीत दयेचे कारण दिसते, दुसऱ्याला धोक्याचा पुरावा. दोघेही चुकतात. त्याच गल्लीत, तसल्याच बापाच्या घरात वाढलेली कितीतरी मुले कुणाच्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे गरिबी हे काही उत्तर नव्हे. आणि धोक्याचे घटक हे शिक्षा वाढवण्याचे कारणही नव्हे. बापाची दारू हा मुलाचा गुन्हा कसा होईल? काम कुठे करायचे, एवढेच त्यावरून कळते.

ते कळायला घटक नुसते मोजून भागत नाही, त्यांना तारखा लावाव्या लागतात. आपल्या मुलाचे शाळेचे जनरल रजिस्टर आणि हजेरीपट काढला तर असे दिसेल: सातवीपर्यंत महापालिकेच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत हजेरी नियमित. पुढे वर्ग नाही, म्हणून आठवीला दूरच्या इंग्रजी माध्यमात. पहिल्या सत्रापासून हजेरी घसरली, आठवी कशीबशी पार पडली, नववीच्या दिवाळीनंतर नाव नुसते पटावर. त्यानंतर तीन महिन्यांनी गॅरेज. तो बावीस वर्षांचा दोस्त गॅरेजमध्ये भेटलेला, आणि सोल्युशन हुंगणे त्याच्याही नंतरचे. म्हणजे आधी शाळा सुटली, मग संगत आली. तपास अहवालाच्या नमुन्यात शाळा सोडण्याच्या कारणांत ‘शिक्षणाचे माध्यम’ हाही पर्याय छापलेला आहे. पण शाळेत न जाता भरलेल्या अहवालात खूण ‘रस नाही’वर पडते.

(जन्मतारीखही याच रजिस्टरात पाहावी. दाखला नसलेल्या मुलांची तारीख १ जून टाकण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि कायद्यात शाळेचा दाखला पालिकेच्या दाखल्याच्या आधी धरतात. सोळाच्या उंबरठ्यावरच्या मुलाचे सगळे प्रकरण त्या १ जूनवर फिरू शकते.)

मग मुलाला वाचायला द्यावे. हिंदी वर्तमानपत्र तो सरळ वाचतो, इंग्रजी फॉर्मवर अडखळतो, गॅरेजच्या बिलातली टक्केवारी तोंडी काढतो. ‘समुपदेशन व व्यवसाय प्रशिक्षण द्यावे’ ही योजना नव्हे. योजना अशी: सतरा नंबरचा फॉर्म भरून हिंदी माध्यमातून बाहेरून दहावी. आयटीआयत वायरमनच्या ट्रेडला आठवी पास चालते, तेव्हा मुलुंडच्या आयटीआयत पुढच्या फेरीत अर्ज. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला अधिकाऱ्याचे पत्र घेऊन आईने अमुक तारखेपर्यंत आणायचा. सोल्युशनसाठी पालिका रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी. गॅरेज बंद, आणि मामा तयार असेल तर सहा महिने बोरिवलीला त्याच्या घरी. मामाशी आधी समोरासमोर बोलल्याशिवाय हे वाक्य लिहू नये. योजना ढासळू लागली की ते लवकर दिसते: मुलगा लागोपाठ दोन भेटी चुकवतो, खिशात कामाचा हिशेब न लागणारे पैसे येतात, मामाचा फोन लागत नाही. तेव्हा वाट न पाहता मंडळापुढे जायचे.

‘आणि त्या बाईचे काय?’ हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण बाल न्याय मंडळाकडे मुलगा राहिला म्हणजे तो सुटला, हा गैरसमज आहे. दोष सिद्ध झाल्यास मंडळ त्याला तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात ठेवू शकते. व्यसनमुक्ती, शिक्षण, सामुदायिक सेवा आदेशात घालू शकते. त्या बाईला न्याय हवा, तसाच तो मुलगा पुन्हा त्या दुचाकीवर बसू नये हेही हवे. बसू नये यासाठी तो पहिल्यांदा कसा बसला हे कुणाला तरी माहीत असावे लागते.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर आरोपी अल्पवयीन मुलाला जामिनासोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली. लोक संतापले, आणि प्रौढ म्हणून खटला चालवा ही मागणी उसळली. जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांचा तसा अर्ज फेटाळला. माझ्या मते तो निबंध आणि ती मागणी एकाच उणिवेतून आली. त्या विशिष्ट मुलाविषयी कुणी काही तपासण्याआधीच दोन्हींचा निकाल तयार होता.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ज्या अहवालात शाळा सुटल्याचा महिना नाही, हजेरीपटाची नक्कल नाही, मुलाने काय वाचले याची नोंद नाही आणि योजनेतल्या प्रत्येक कामापुढे माणूस व तारीख नाही, तो मंडळाने दाखल करून घेऊ नये. तो परत पाठवावा, आणि पंधरा दिवसांची मुदत सांभाळायला परिवीक्षा अधिकाऱ्यावर एका वेळी किती मुले आहेत, हे जिल्हा महिला व बालविकास विभागाला लेखी विचारावे.