विश्रांतीतले हृदय आणि श्रमातले हृदय

सोलापूरच्या एका कापड दुकानाच्या ६८ वर्षांच्या मालकांचे दोन्ही गुडघे झिजले होते. सांधेबदल शस्त्रक्रिया ठरली. परंतु चार पायऱ्या चढताच त्यांना धाप लागे. ही धाप गुडघ्यांच्या कष्टाची की हृदयाची, हे कळल्याशिवाय भूलतज्ज्ञ संमती देईनात. ईसीजी आणि साधी इकोकार्डिओग्राफी निर्दोष होती. धावत्या पट्ट्यावर चालवून पाहावे, तर पायच साथ देत नव्हते.

निवांत हृदयाला रक्त थोडे लागते. रोहिणी बरीच अरुंद झाली तरी तेवढे पुरते. तूट दिसते ती मागणी वाढल्यावरच. म्हणून जे चालू शकत नाहीत, त्यांच्या हृदयाला डोब्युटामिन या औषधाने श्रम करावयास लावतात. हे औषध हृदयाची गती आणि आकुंचनाचा जोर दोन्ही वाढवते, आणि थांबवल्यावर त्याचा अंमल काही मिनिटांत ओसरतो.

नाडी मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी डॉक्टरांच्या सूचनेनुसार दोन दिवस आधी बंद केली होती. ती स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. गृहस्थांना डाव्या कुशीवर निजवले, ईसीजीच्या तारा आणि रक्तदाबाचा पट्टा लावला आणि शिरेतून औषध सुरू केले. वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, मग दर तीन मिनिटांनी १०, २०, ३० आणि शेवटी ४०. लक्ष्य होते कमाल नाडीच्या ८५ टक्क्यांचे. २२० मधून वय वजा केले की १५२ उरतात. त्यांचे ८५ टक्के म्हणजे सुमारे १२९. चाळीसच्या मात्रेवरही नाडी ११२ वरच अडली, तेव्हा ॲट्रोपिन हे दुसरे औषध अर्धा मिलिग्रॅम आणि पुन्हा अर्धा मिलिग्रॅम दिले. नाडी १३१ झाली. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास ॲट्रोपिनबाबत सावध राहावे लागते. म्हणून तशी विचारपूस आधीच झाली होती.

परीक्षेचा गाभा यापुढे आहे. पडद्यावर विश्रांतीची, कमी मात्रेची, शिखराची आणि नंतरच्या स्थिरावलेल्या हृदयाची चित्रे शेजारी शेजारी ठेवतात. डाव्या जवनिकेचे १६ भाग कल्पून प्रत्येकाला गुण देतात : नीट आकुंचन १, मंद आकुंचन २, निश्चलता ३ आणि आकुंचनाच्या वेळी उलट बाहेर फुगणे ४. येथे गुण जितके जास्त तितकी प्रकृती वाईट.

भिंत आत सरकते एवढे पाहून गुण दिले तर फसगत होते. निर्जीव भागही शेजारच्या जिवंत स्नायूने ओढला की आत येतो. उलट, बायपास झालेल्या रुग्णात मधला पडदा विचित्र दिशेने हलला, तरी त्याचा स्नायू निरोगी असू शकतो. म्हणून तज्ज्ञ पाहतात ते भिंत जाड होते की नाही. रक्त मिळणारा स्नायू आकुंचनात फुगतो. उपाशी स्नायू तसाच पातळ राहतो.

विश्रांतीत या गृहस्थांचे सर्व १६ भाग एका गुणाचे होते. बेरीज १६, सरासरी १. शिखरावर पुढच्या भिंतीचा मधला भाग व टोकाकडचा भाग मंदावले, म्हणजे प्रत्येकी २. पडद्याचा टोकाकडचा भाग जाड होईना, म्हणून ३. उरलेले १३ भाग उत्तम. बेरीज २०, सरासरी १.२५. आकडा किरकोळ वाटतो; परंतु एकमेकांना लागून असलेले तीन भाग नव्याने बिघडले, आणि त्या तिघांना रक्त पुरवणारी रोहिणी एकच, डावी पुढची उतरती. छातीत कळ मात्र आली नव्हती. रक्त अपुरे पडले की भिंतीची हालचाल आधी बिघडते. ईसीजीतले बदल आणि वेदना सहसा मागाहून येतात.

“पप्पांचा आधीचा अहवाल तर चांगला होता ना, डॉक्टरसाहेब?” मुलाने विचारले. “तो बसलेल्या हृदयाचा होता. हा पळणाऱ्या हृदयाचा आहे,” डॉक्टर म्हणाले.

अँजिओग्राफीत त्याच रोहिणीत मोठा अडथळा निघाला. गुडघ्यांची तारीख पुढे गेली.

परीक्षेला मर्यादाही आहेत. लक्ष्य नाडी गाठली नाही, तर ‘दोष नाही’ हा निष्कर्ष विसंबण्याजोगा नसतो. स्थूल देहात किंवा फुफ्फुसांच्या विकारात चित्र धूसर येते. तेव्हा शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन कडा स्पष्ट कराव्या लागतात. छातीत धडधड व हातांना कंप बहुधा होतोच. क्वचित गंभीर अनियमित ठोके पडतात, म्हणून उतारा आणि शॉकयंत्र जवळ असावे लागते. नुकताच झटका आलेल्यांची किंवा महारोहिणीची झडप अतिशय आकसलेल्यांची ही परीक्षा अशा रीतीने करत नाहीत.

अहवाल हाती आल्यावर म्हणूनच दोन नोंदी आधी पाहाव्यात : नाडी कुठवर पोहोचली, आणि सर्व १६ भाग दिसले का.