पैसे कटले, तरी ऑर्डर ‘अनपेड’ का?
ऑनलाइन मसाले विकणाऱ्या मित्राचा परवा फोन आला. ग्राहकांचे पैसे कटलेत, पण ऑर्डर ‘अनपेड’ दिसतायत. पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर मात्र पैसे जमा होते. म्हणजे हरवला होता तो निरोप. पेमेंट झालं की गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला तसं कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. गेटवेच्या लॉगमध्ये प्रत्येक वेबहुकपुढे `403` होतं, म्हणजे दारातच अडवलेलं. मित्राने आदल्या दिवशी बॉट रोखणारी फायरवॉल चालू केली होती, आणि गेटवेही शेवटी बॉटच ना! वेबहुकचा तेवढा पत्ता फायरवॉलमधून वगळला. तिथे येणाऱ्या निरोपाची डिजिटल सही तपासणं मात्र चालूच ठेवलं, नाहीतर कोणीही खोटं ‘पेड’ पाठवेल. आता दुकानाचा सर्व्हर दर 15 मिनिटांनी अनपेड ऑर्डरबद्दल गेटवेला स्वतःहून विचारतो.