औषधाची वेळ झाली

सांगलीतील काही तरुण मंडळी आरोग्यविषयक एक ॲप तयार करीत आहेत. रक्तदाब, रक्तातील साखर आणि तपासण्यांचे अहवाल यांची नोंद त्यात राहते. वडीलधाऱ्यांना औषधाच्या वेळी सूचना देणारी एक सोयही त्यात आहे. ती सोय तयार होऊन बरेच दिवस झाले, परंतु तिचे नाव काही ठरेना. प्रारंभी पडद्यावर ‘मेडिकेशन रिमाइंडर’ असे लिहिलेले होते. ते काढावे यावर सर्वांचे एकमत होते. त्या जागी काय घालावे यावर मात्र नव्हते. भाषेचा प्रश्न आहे म्हणून त्यांनी आम्हांस बोलावले, आणि एरवी क्षुल्लक वाटणारा हा विषय आमच्या मनात घर करून राहिला.

पहिला प्रस्ताव ‘औषध स्मरण’ असा होता. शब्द शुद्ध, भारदस्त आणि कानाला गोड. वाचकहो, आपण कोणत्याही मंदिरात वा धर्मशाळेत जा. पंख्यावर, बाकावर, पाणपोईवर ‘यांच्या स्मरणार्थ’ हीच अक्षरे कोरलेली दिसतील. ऐंशीच्या घरातील माणसाच्या हातात रोज सकाळी हा शब्द ठेवावा काय? दुसरी अडचण पेढीची. ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षे थकबाकीदारांना स्मरणपत्रे धाडली, त्यांना ‘स्मरण’ या शब्दात मायेपेक्षा तगादाच अधिक ऐकू येतो. पहिले पत्र, दुसरे पत्र, मग वसुलीचा माणूस! औषधाच्या बाबतीत आपण कोणाचे देणेकरी नाही. तशी भावना नावातून उगाच जागी होऊ नये.

‘डोस अलर्ट’ हे नाव तरुणांना आवडले होते, कारण ते आटोपशीर आहे. परंतु मराठीत डोस पाजतात तो उपदेशाचा. घरात आधीच सून, मुलगा आणि डॉक्टर हे तिघे तो पाजीत असताना चौथा कशाला? ‘गोळीची वेळ’ हे नाव त्याहून बरे आणि बोलण्यातले आहे. पण इन्शुलिन ही गोळी नव्हे, डोळ्यांतले थेंब ही गोळी नव्हे, खोकल्याचे पातळ औषधही नव्हे. शिवाय नाव स्त्रीलिंगी असल्यामुळे खालच्या बटणावर ‘घेतली’ असे लिहावे लागते, आणि इन्शुलिन टोचून घेतलेल्या आजोबांना ते चुकीचे वाटते. ‘औषध’ नपुंसकलिंगी असल्याने ‘घेतले’ हे बहुतेक ठिकाणी चालून जाते. थेंबांना ते तितकेसे शोभत नाही, पण अर्थ कोणाला अडत नाही.

‘माझी औषधे’ हे नाव जवळजवळ निश्चित झाले होते. ते कसे पडले हे सांगण्यासारखे आहे. अशा सोयीचे नाव डोळ्यांनी वाचले जाते त्याहून अधिक वेळा फोनवर उच्चारले जाते. मुलगा पुण्यात, आई सांगलीत; काही अडले की तो फोनवरून सांगतो, “आई, जरा अमुक उघड.” एका तरुणाने तेथेच आपल्या आक्कांना फोन लावला आणि म्हणाला, “आक्का, माझी औषधे उघडा.” पलीकडून काळजीचा स्वर आला, “तुला कसली औषधं चालू झाली रे?” ‘माझी’ हा शब्द पडद्यावर आक्कांचा असतो, नातवाच्या तोंडी येताच तो नातवाचा होतो.

म्हणून आम्ही सुचविले की नवा शब्द घडवूच नये. घरात जे बोलले जाते तेच घ्यावे. दुपारचे जेवण आटोपले की कोणीतरी म्हणतेच, “अण्णा, औषधाची वेळ झाली.” तेव्हा नाव ‘औषधाची वेळ’. मोठी अक्षरे लावलेल्या फोनवरही ते दोन ओळींत नीट बसते, तर ‘औषधस्मरणिका’ मध्येच तुटून पुढे तीन टिंबे उमटत होती. एक विभक्तीची अडचण राहिली. “औषधाच्या वेळेमध्ये जा” असे म्हटले की नावाचे रूपच बदलते आणि ऐकणारा पडद्यावर भलतीच अक्षरे शोधू लागतो. त्यावर उपाय असा की मदतीच्या सर्व वाक्यांत ‘उघडा’ किंवा ‘पाहा’ एवढीच क्रियापदे वापरावीत. “औषधाची वेळ उघडा” यात नाव जसेच्या तसे राहते.

सूचनेच्या वाक्यात मात्र एका अक्षराने घात होऊ शकला असता. पहिल्या मसुद्यात ‘वेळ आली’ असे लिहिले होते. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, ही म्हण ज्यांच्या कानांत आहे त्यांना ‘आपली वेळ आली’ हे पडद्यावर वाचून काय वाटेल? ‘वेळ झाली’ म्हटले की तेच वाक्य जेवणाचे, शाळेचे, दुकान उघडण्याचे होते. फोन बंद असताना दिसणाऱ्या सूचनेत औषधाचे वा व्याधीचे नाव येऊ नये, हेही तेथेच ठरले. फोन गल्ल्याशेजारी पडलेला असतो आणि समोर गिऱ्हाईक उभे असते. ज्यांना ‘औषध’ हा शब्दही नको, त्यांच्यासाठी नुसते ‘वेळ झाली’ ठेवण्याची मुभा आहे.

सर्वांत नाजूक जागा औषध न घेतल्यानंतरची. ‘आपण औषध चुकवले’ यात आरोप आहे. ‘विसरलो’ लिहावे तर ते पुरुषाचे, ‘विसरले’ लिहावे तर स्त्रीचे. आमच्या दक्षिण भागात स्त्रियाही ‘विसरलो’ म्हणतात ही गोष्ट वेगळी. शेवटी घरातलाच शब्द कामी आला: ‘सकाळचे औषध राहिले’. यात लिंगाचा प्रश्न नाही आणि दोष कोणाचा हेही विचारलेले नाही. त्याखाली एक ओळ आहे: ‘पुढच्या वेळी दोन्ही एकदम घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.’ राहिलेले औषध भरून काढण्याची घाई हाच खरा धोका असल्यामुळे ही ओळ मृदू नाही, स्पष्ट आहे.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी ‘रात्रीचे औषध’ हे उपशीर्षक निरर्थक ठरते. म्हणून तेथे ‘संध्याकाळचे’ असे लिहून वेळ आपली आपण भरण्याची सोय ठेवली आहे. मात्र बारा तासांच्या अंतराने घ्यावयाचे औषध सूर्यास्तापूर्वी ओढले तर पहाटेपर्यंतचे अंतर वाढते. तो बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि व्रताचा नियम त्यांना आधीच सांगून ठेवावा.

नाव पक्के करण्यापूर्वी सात-आठ ज्येष्ठांना पडदा न दाखवता विचारले, “औषधाची वेळ म्हणजे हे काय करील?” सर्वांनी नेमके उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी तेच नाव आठवून सांगा म्हटले, तेव्हा कोणी ‘औषधाचा टाइम’ म्हणाले, कोणी ‘गोळ्यांची वेळ’. बोलून शोधण्याच्या खिडकीत हे दोन्ही प्रयोग आता स्वीकारले जातात. ज्यांच्या घरात गुजराती बोलली जाते त्यांच्यासाठी मराठी नावाचा अनुवाद करू नये, असे आम्ही सुचविले आहे. त्या घरांतील बा दुपारी दोन वाजता काय म्हणतात, हे ऐकण्याचे काम सध्या चालू आहे. आतापर्यंत तरी ‘दवानो टाइम’ पुढे आहे.