लिफाफ्यातली खरी किंमत

मंडळी, समजा एक जुने टपाल तिकीट बंद लिफाफ्यातल्या बोलीने विकले जात आहे. सर्वांत मोठी बोली जिंकणार, पण पैसे मोजायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. तुमच्या लेखी त्याचे मोल १०० डॉलर. लिफाफ्यात किती लिहाल?

आपला हात ८० कडे वळतो. घासाघीस अंगात मुरलेली! पण इथे तुमची बोली फक्त हार-जीत ठरवते, किंमत दुसराच ठरवतो. इतरांतली मोठी बोली ७० असेल, तर ८० लिहा की १००, द्याल ७०च. ती ९० असेल, तर ८० लिहिल्याने तिकीटही गेले आणि १० डॉलरचा फायदाही. उलट तुम्ही १२० लिहिलेत आणि दुसरी बोली ११० निघाली, तर शंभराच्या वस्तूला ११० मोजाल. म्हणून १००च लिहा. इतरांनी काहीही लिहिले तरी.

विल्यम विक्री (आडनावही साजेसे!) यांनी १९६१ मध्ये हे मांडले. अमेरिकेतले तिकीटविक्रेते मात्र एकोणिसाव्या शतकातच असे लिलाव करत होते.

मेख एकच: लिफाफे उघडणारा प्रामाणिक हवा. तुमचे १०० पाहून त्याने ९९ ची खोटी बोली घुसडली, तर तुमचा खरेपणा त्याच्या खिशात!