पाकीट पाजलं, तरी पोर का सुकतं?

पावसाळ्यात आजऱ्याच्या वस्त्यांमध्ये जुलाब लागलेल्या पोराच्या घरी गेलं की ओआरएसचं पाकीट बहुधा असतंच. आशाताई देऊन गेलेल्या असतात. पण ते कालवायचं किती पाण्यात, हे समोर करून दाखवलेलं नसतं. नुसतं पाकीट हातावर ठेवणं म्हणजे काम झालं, असं आम्ही मानत नाही.

एका घरी दीड वर्षाचं, दहा किलोचं पोरगं किरकिरत होतं. डोळे आत गेलेले, वाटी दिसली की झडप घालत होतं. बेंबीच्या बाजूची कातडी आम्ही उभ्या चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू सपाट झाली. अंगातलं पाणी कमी झालंय, पण पोर पीत आहे, म्हणजे तोंडानं भरून काढता येईल. हेच पोर गळून पडलं असतं, पिऊ शकत नसतं आणि कातडी सपाट व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला असता, तर आम्ही ताबडतोब ग्रामीण रुग्णालय गाठलं असतं. फार रोड पोराची कातडी एरवीही सावकाश जाते, म्हणून नुसत्या चिमटीवर विसंबू नये.

आईनं मोठं पाकीट एका फुलपात्रात कालवलं होतं. ‘औषध कडक असलं की लवकर गुण येतो,’ असं सासूबाईंचं म्हणणं. ते पाकीट एक लिटरचं. एवढं मीठ-साखर फुलपात्रभर पाण्यात गेलं की ते अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं, जुलाब वाढतात, रक्तात मीठ वाढून झटकेही येऊ शकतात. दुकानात २०० मिलीचं लहान पाकीटही मिळतं, ते लिटरभर पाण्यात टाकलं तर फिकं पडतं. म्हणून आधी पाकिटावरचा आकडा वाचायचा. तांब्याचं माप घरोघरी वेगळं, त्यापेक्षा पाण्याची लिटरची बाटली बरी.

ते पाणी ओतून टाकलं. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी आईनंच मोजलं, आख्खं पाकीट टाकलं, ढवळलं, चव घेतली. चव डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट नको. किलोला ७५ मिली, म्हणजे चार तासांत ७५० मिली, चमच्या-चमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच. चार तासांनी पुन्हा डोळे, तहान, चिमटी बघितली. कातडी चटकन बसली, पोर लघवीला गेलं. पुढं प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी रोज एक, जुलाब थांबले तरी १४ दिवस.

शौचात रक्त दिसलं, किंवा पाजूनही पोर मलूल होत गेलं, तर घरी थांबायचं नाही. वाटेतही चमच्यानं पाजत न्यायचं.